पॅनकार्डावरची तारीख

माझ्या पॅनकार्डावर वीसेक वर्षं माझ्या बहिणीची जन्मतारीख होती. ती बहीण बारसं व्हायच्या आतच गेली. मला हे ठाऊक नव्हतं, आणि ती तारीख मीच दुरुस्त करून घेतली.

कार्ड पहिल्यांदा काढलं तेव्हा जन्माचा दाखला बाबांनी आणला होता, आष्टीकडच्या आमच्या गावाहून. त्यात आणि शाळेतल्या तारखेत दोन वर्षांचा फरक होता. शाळेत तेव्हा गुरुजी मनाला येईल ती तारीख टाकत, म्हणून मी दाखल्यावरचीच खरी धरली आणि वाढदिवसही त्याच दिवशी करू लागले. आई त्या दिवशी शिरा करायची, पण स्वतः चमचाभरही खायची नाही. "माझ्या वाढदिवसाला तुझं तोंड नेहमी उतरलेलं असतं," असं मी तिला ऐकवायचे. फार ऐकवायचे.

आधारवर मात्र शाळेतली तारीख होती. दोन्ही जुळेनात, त्यामुळे पॅन आधारशी जोडलं जाईना आणि शेवटी ते निष्क्रिय झालं. मी वर्ध्याच्या एका खाजगी शाळेत शिकवते. पगारातून कर जास्त कापला जाऊ लागला, तसं शाळेतल्या बाबूंनी दुरुस्तीचा अर्ज करायला सांगितलं.

त्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून ती सोबत होती. पॅनच्या केंद्रावरचा माणूस भला होता. नव्या कार्डाचा अर्ज वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा, हे त्याने नीट समजावलं. अर्जात जन्मतारखेच्या डावीकडच्या चौकोनात त्याने खूण करायला लावली. जे बदलायचं त्याच्याच पुढे खूण करायची, बाकीचे चौकोन रिकामे सोडायचे. सोबत आधारची प्रत, जुन्या कार्डाची प्रत आणि तारखेचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र जोडलं.

"अन् नंबर?" आईने मध्येच विचारलं.

"नंबर तोच राहते, काकू. तो कधीच बदलत नाई. फक्त कार्ड नवं छापून येते."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तारीख बी राहू दे न, बाई. काऊन बदलवून राह्यली?"

मी भडकले. चारचौघांत म्हणाले, "तुला यातलं काही कळत नाही, तर मध्ये बोलू नको." तिने पदर सावरला आणि खाली बघत बसली. निघताना त्या माणसाने पावती दिली आणि बजावलं, "नवं कार्ड आलं का जुनं कापून टाकजा, म्याडम. कोणाच्या हाती लागाले नको."

तीनेक आठवड्यांनी पोस्टमनने पिपरी मेघेतल्या आमच्या घरी पाकीट आणून दिलं. नंबर जुनाच, तारीख नवी. त्याच संध्याकाळी मी कात्रीने जुन्या कार्डाचे बारीक तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. सकाळी कचरागाडी येऊन गेली.

दुपारी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते जुनं कार्ड मले देजो."

"तुला कशाला?"

तेव्हा तिने सांगितलं. ती तारीख पहिल्या मुलीची होती. मुलगी गावातच झाली, म्हणून नोंद झाली, पण नावाची जागा कोरीच राहिली. नवव्या दिवशी ती गेली. मी झाले आईच्या माहेरी, माझी नोंद कोणी केलीच नाही. बाबा दाखला मागायला गेले तेव्हा त्यांच्या नावावर मुलीची एकच नोंद निघाली, आणि ग्रामसेवकाने त्या कोऱ्या जागेत माझं नाव भरून दिलं.

"बाबांच्या ध्यानात नाही आलं?"

"आलतं. घरी येऊन लई रडले. मंग म्हणे, पोरगी कागदावर तरी राहीन."

बाबा आता नाहीत. कार्ड कापल्याचं सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिने फक्त "गाडी गेली का?" असं विचारलं. मी मान हलवली.

आईला वाचता येत नाही. तिने नवं कार्ड मागून घेतलं आणि माझ्या फोटोवरून अंगठा फिरवला.

"यात नंबर कोनता?"

मी बोट ठेवून दाखवला.

"हा तिच्याच तारखेवर भेटलता न?"

"हो."

"मंग एवढा तिचा राहू दे," ती म्हणाली, आणि कार्ड माझ्या हातात देऊन पुन्हा भाजी निवडू लागली.