नानांनी सांगितलेला दुसरा सिनेमा

नाना काल गेले आणि मी आज रजा टाकली नाही.

पहिल्या तासाला आठवीवर होते. हजेरी घेतली, वह्या गोळा केल्या. स्टाफरूममध्ये येऊन मग बसले.

रडूही येत नाहीये धड. नुसता थकवा आलाय.

नाना म्हणजे माझे कोणी नातेवाईक नव्हेत. मी बीएडला धुळ्यात होते, तेव्हा ज्या शाळेत आमची इंटर्नशिप होती तिथले मराठीचे सर. माझे मार्गदर्शक शिक्षक. अख्खी शाळा त्यांना नानाच म्हणायची.

धरणगावहून आलेली मी. पाठाचं टाचण काढून काढून वैतागलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "नाना, शिक्षकांवरचे चांगले सिनेमे सांगा ना. जरा इन्स्पिरेशन मिळेल."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी करून दिली. सिनेमे जोडीजोडीने लिहिलेले.

"पहिला उत्साहासाठी, दुसरा नोकरीसाठी. जोडी फोडायची नाही."

आणि वर पाठ निरीक्षणाचे फॉर्म दिले. आमच्या पाठाला ते भरायचे, तेच. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, प्रश्न, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद. म्हणाले, सिनेमातल्या मास्तरचा पाठ तपास.

एका फार गाजलेल्या हिरो-मास्तरला नानांनी पन्नासपैकी अठरा दिले होते. शेरा: "फळा कोरा. बोलतो फक्त स्वतः. एका गाण्यात सत्र संपवले."

मी हसले. फॉर्म बॅगेत टाकले, ते तिथेच राहिले.

पहिल्या जोडीतला पहिला सिनेमा दोनदा पाहिला. नवीन मॅडम, कोणाला न जुमानणारा वर्ग, एक गप्प मुलगी. मॅडम तिचं लिखाण वर्गात मोठ्याने वाचतात. शांतता. मग टाळ्या. मी उशी भिजवली.

दुसरा लावला. त्यात एक मास्तर वह्या तपासतोय, पालकांची वाट बघतोय, हेडमास्तरची बोलणी खातोय. पंधरा मिनिटांत बंद केला. बोअर!

पुढच्या आठवड्यात आठवीला निबंध दिला. माझे घर.

एका मुलीने लिहिलं होतं, "आम्ही मामाकडे राहतो. मामी भाकरी थापताना माझ्याकडे बघते. मी दुसरी भाकरी मागत नाही."

मला वाटलं, हीच ती गप्प मुलगी.

मी तिला न विचारता तो निबंध वर्गात वाचला. आवाजात चढउतार वगैरे करून.

शांतता पसरली. टाळ्या काही आल्या नाहीत.

तिसऱ्या बाकावर तिची मामेबहीण बसली होती. मला माहीतच नव्हतं. हजेरीपटावर आडनावं वेगळी होती ना.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी यायची बंद झाली.

पाच दिवसांनी नानांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं,

"सिनेमात कॅमेरा कोणावर होता?"

"त्या मुलीवर."

"आणि तुझ्या वर्गात बाकीची बावन्न पोरं कोण बघत होतं?"

शाळा सुटल्यावर आम्ही साक्री रोडच्या एसटीने तिच्या गावाला गेलो. मुलगी दारातच होती, आम्हाला बघून आत गेली. आई शेतावर. मामी बाहेर आली.

"येत नही ती शाळामा. काय व्हयनं ते बी सांगत नही," मामी म्हणाली. तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला सगळं माहीत आहे.

माझे डोळे भरले. मी "माझं चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाना बोलले.

"पाणी दे वं माय. आनी तिनी गणितनी वही कुठे शे? लई धडा व्हयनात."

बस्स. मुलगी वही घेऊन बाहेर आली. अर्धा तास ते ओट्यावर बसून तिला राहिलेली गणितं सांगत होते. मराठीचे सर! निबंधाचा विषय नाही, माझ्याकडे बघणं नाही. मामी आधी उभी होती, मग बसली.

स्टँडवर मी म्हटलं, "मला माफी का मागू दिली नाहीत?"

"मामीच्या समोर? पुन्हा निबंध वाचला असतास तू. आणि रडली असतीस, तर त्या पोरीलाच तुझी समजूत काढावी लागली असती."

मी म्हटलं, "मी बीएड सोडते, नाना."

"सोड. पण उद्या तिसरा तास तुझा आहे. तो घेऊन सोड."

तो घेतला. मग परवाचा घेतला.

त्या रविवारी तो दुसरा सिनेमा पूर्ण पाहिला. फॉर्म समोर ठेवून. त्यात मास्तर जीव तोडून शिकवतो, एका मुलाच्या बाबतीत चुकतो, आणि तो मुलगा शाळा सोडतो. मास्तर दुसऱ्या दिवशी हजेरी घेतो. संपला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद या रकान्यात काय लिहावं, मला सुचेना.

मुलगी नवव्या दिवशी आली. शेवटच्या बाकावर बसली. इंटर्नशिप संपेपर्यंत तिने माझ्यासाठी स्वतःच्या मनाचं एक वाक्य लिहिलं नाही. सगळे निबंध गाईडमधून उतरवलेले.

मी नानांकडे रडगाणं गायले. ते म्हणाले, "वही देतेय ना? तपास."

एकदा कोपऱ्यात गाठून तिला सॉरी म्हटलं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि निघून गेली.

आता मी साक्री तालुक्यात शिकवते. इथे छात्राध्यापक येतात, तेही सिनेमे विचारतात. मी नानांची यादी देते. जोडीने. बहुतेक जण पहिलेच बघतात. कळतं मला.

नाना, मला खूप दिवस वाटायचं की तुमच्या यादीत कुठेतरी शेवटी असा एक सिनेमा असेल, ज्यात ती मुलगी मास्तरला माफ करते. मी सगळे पाहिले. नाही तसा एकही.

तिनेही केलं नाही. तिने करायलाच हवं असंही नाही.

तरी मी शिकवतेय, नाना.

तुमच्यामुळे. तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.