वेगळे भरलेले दोन कागद

शरणम्मा लातूरजवळच्या मुरुडची. नवरा गेल्यावर शेंगदाण्याची चटणी कुटून विकायला लागली. धाकटा दीर बसवंत तेव्हा शाळेत होता. त्याला तिनंच वाढवलं, शिकवलं आणि पुढं धंद्यात भागीदार केलं. चटणी ती करायची, बाजार तो बघायचा. "दीर कसला बाई, लेकरूच हाय माझं," असं येता-जाता सांगायची.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या दुष्काळात शेंगा महाग झाल्या आणि गिऱ्हाईक आटलं. जाहिरात करावी म्हणून दोघं माझ्या ऑफिसात आले. माझी जाहिरातीची छोटी एजन्सी आहे. नवं काम घेण्याआधी मी प्रश्नावली देते. माल कोण घेतं, खर्च किती झेपेल, वर्षानं धंदा कुठं दिसायला हवा, शेवटचा शब्द कोणाचा. भागीदार दोन असले की कागदही दोन, एकमेकांना न दाखवता भरायचे. पहिल्या बैठकीत शेजारीशेजारी ठेवून मोठ्यानं वाचते. जाहिरात छापून झाल्यावर भांडणारे लई बघितलेत मी!

शरणम्मानं तिचा कागद आधीच पाठवला होता. बसवंतनं ऐन बैठकीत हातात दिला. 'उत्तरं सगळ्यांसमोर वाचली जातील' असं वरच छापलेलं, पण साहेबांनी ते वाचायची तसदी घेतली नव्हती.

वर्षानं धंदा कुठं हवा? शरणम्मानं लिहिलं होतं, "गावातल्या आणखी चार बायांना काम मिळावं. चटणी हातानंच कुटलेली राहावी." मी बसवंतचं वाचायला घेतलं. "उदगीर जिल्हा होणार म्हणतात. तिथं मशीन टाकायची. जागेचं बोलणं झालंय. वहिनीची गरज राहणार न्हाई."

मेले मी! शेवटचे शब्द तोंडातून गेल्यावर कळलं काय वाचलं ते.

"हे ऑफिसातच ठेवायचं असतंय ना मॅडम?" बसवंत माझ्यावरच तापला.

शरणम्मा त्याच्याकडं बघत होती. "जागेचं बोलणं कवा झालं, बसवंता?"

"पोळ्याच्या आधी. सांगणारच होतो, वहिनी."

"पोळ्याला माझ्या हातची पुरणपोळी खाल्लीस की रे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच्या तोंडावर कागद फेकावा वाटत होतं.

"पुढचं वाचा, बाई," शरणम्मा म्हणाली.

नको म्हटलं तरी ऐकेना. शेवटचा शब्द कोणाचा? बसवंतनं लिहिलं होतं, "माझा." तिच्या कागदावर होतं, "बसवंतचा. त्यो माझं वाईट करणार न्हाई."

ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. तिची पावलं अजून ऐकू येत होती, तेवढ्यात बसवंतनं खुर्ची पुढं ओढली.

"बरं झालं, एकदाचं कळलं तिला. आता बोला मॅडम, काम कधी सुरू करायचं?"