तळघरातला क्लॅरिनेटवाला

माणसाचे दात पडले की तो चणे सोडतो. नियाजभाईंना क्लॅरिनेट सोडावा लागला. वरचे पुढचे दात वाद्याच्या चोचीवर टेकवून सूर धरायचा असतो आणि नेमके तेच दोन गेले. कवळी बसवून पाहिली, तर ती भर वरातीत सुरासकट सटकली. घरचा बँड, पण पुढे उभं राहून वाजवायचा मान मुलाकडे, शकीलकडे गेला. नियाजभाई नुसतेच बँडबरोबर हिंडायचे, रिकाम्या हातांनी.

कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाच्या तळघरात आमचा एअर रायफलचा क्लब आहे. वर लग्नं लागतात, खाली आम्ही श्वास धरून उभे असतो. जागा स्वस्तात मिळाली की तिच्याबरोबर मंगलाष्टकंही ऐकावी लागतात. मी इथली प्रशिक्षक. एका रविवारी खाली सराव चालला होता आणि वर झरोक्याला लागूनच बँड सुरू झाला, तेव्हा मी तणतणत वर गेले आणि जरा हळू वाजवा म्हणाले.

"लग्नात हळू?" ढोलवाला म्हणाला. "मॅडम, मग नवरदेवाला झोपवूनच आणू की."

त्याचं बरोबरच होतं, म्हणून मला जास्त राग आला. परत वळले तर एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्यामागून जिना उतरत होते. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. माफी मागायला आले असतील असं वाटलं. पण ते खालच्या पायरीवर थांबले आणि बघत राहिले.

आमच्याकडे दिवे फक्त पलीकडच्या भिंतीशी, कार्डांवर असतात. अलीकडे नेमबाज उभे असतात ते अर्धवट सावलीत. दहा मीटर अंतर, पण त्या उजेडाकडे बघत राहिलं की पलीकडे एखादं दूरचं गाव असल्यासारखं वाटतं. सगळे निश्चल. मधूनच एक टप् असा आवाज, मग तारेवरून कार्ड सुरसुरत जवळ येतं, आणि पुन्हा शांतता. मला रोज बघून त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाच ते नव्याने दिसलं.

"आपा, इथं सगळे कशाची वाट बघतायत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"श्वास बाहेर जायची," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी ते लाल कोट न घालता आले. म्हणाले, "दात गेले, पण फुप्फुसं शाबूत आहेत. एवढा श्वास आता ठेवू कुठे?"

या वयात काय शिकणार, असं मला वाटलं होतं. मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. ते हसले, दोन दातांच्या खिडकीतून, आणि क्लबची जुनी रायफल उचलून बघायला लागले.

आधी मी त्यांना गुण समजावले. कार्डावर काळा गोल, त्यात एकात एक वर्तुळं, आणि मधोमध मोहरीहूनही बारीक पांढरा ठिपका. तो दहा. बाहेर जावं तसा एकेक गुण कमी. एका कार्डावर एकच छर्रा, सामन्यात असे साठ. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यामुळे त्याची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. बालेवाडीला मोठ्या स्पर्धांत यंत्र असतं, ते दहाच्याही आत मोजतं, दहा पूर्णांक नऊपर्यंत. आमच्या तळघरात कागद आणि पूर्ण आकडे.

"आणि ठिपकाच उडाला, तर टेकला होता की नाही हे ठरवायचं कसं?" त्यांनी विचारलं. नवशिक्याने विचारावा असा तो प्रश्न नव्हता. मी त्यांना गेज दाखवला. छर्ऱ्याच्या भोकात बसणारी दांडी आणि तिला छर्ऱ्यापेक्षा जराशी रुंद, गोल कड. आतला ठिपका नाहीसा झाला तरी ती कड बाहेर आठच्या वर्तुळाच्या रेषेबाहेर जात नसेल तर दहा. गेली तर नऊ. आतलं बाहेरून ओळखायचं. नियाजभाईंना हे फार आवडलं. संसारात असंच असतं म्हणाले.

आता श्वासाची गोष्ट. इथे त्यांनी मला कितीतरी महिने छळलं. रायफल उचलली की हा माणूस छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो धरून ठेवायचा. तानेच्या आधी बँडवाला घेतो तसा. बाकीचे सात-आठ सेकंदांत थकतात, हे अर्धा मिनिट तसेच. आणि त्याचा अभिमान. पण भरलेली छाती ठोक्यागणिक हलते आणि छातीबरोबर नळी हलते. फार वेळ धरलं तर डोळ्यांना प्राणवायू कमी पडतो, नजर पुसट होते, आणि गोल आहे तिथे आहे असं मनच खोटं सांगायला लागतं.

"भरून नाही, सोडून थांबायचं," मी सांगायचे. "श्वास सहज बाहेर जातो, पुढचा आत यायच्या आधी थोडी मोकळी जागा असते. तिथे शरीराला काहीच करायचं नसतं. तेवढ्यात काम झालं तर ठीक, नाहीतर रायफल खाली घ्यायची. लाज वाटून घ्यायची नाही."

त्यांनी रायफल खाली ठेवली. मग म्हणाले, "आपा, ती जागा मला माहीत आहे. आयुष्यभर ती लपवत आलो. वरातीत सूर तुटला की लोक मागे वळून बघतात. गाल फुगवून, नाकाने चोरून श्वास घ्यायचो. तिथे थांबता येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यांना श्वास जमला तो त्या दिवसापासून.

बोट मात्र जमेना. ट्रिगर ओढायचा नसतो, हळूहळू, सरळ मागे दाबत जायचं असतं, इतकं हळू की छर्रा सुटतो तो क्षण आपल्यालाही अनपेक्षित असावा. आता सोडतो असं ठरवलं की खांदा आधीच तयार होतो, मनगट आवळतं, आणि नळी केसभर सरकते. इथला केसभर तिथे जाऊन आठ होतो. नियाजभाई ठरवायचे. नुसते ठरवायचे नाहीत, तर समेवर सोडायचे. चाळीस वर्षं त्यांचं बोट ठेक्यावर पडलं होतं, ते रायफलीवरही ठेक्यावरच पडायचं. बोट पडलं की ते कार्ड यायच्या आधीच सांगायचे, "आठ, उजवीकडे." आणि आठच असायचा, उजवीकडेच. इतकं अचूक कळतं तर करता का, असं मी विचारायचे. ते पुढचं कार्ड लावायचे.

यंदा बालेवाडीला होणाऱ्या राज्य स्पर्धेसाठी क्लबचा तिघांचा संघ जायचा होता. दोन जागा ठरल्या होत्या, तिसरीसाठी निवड सामना. खरी चुरस नियाजभाई आणि सर्जेराव यांच्यात. सर्जेरावांची जमीन कोथरूड खेडं होतं तेव्हाची, आता तिच्यावर सोसायट्या आहेत आणि त्यांच्याकडे जर्मन रायफल आहे. माणूस मनाने चांगला, पण नेमबाजीचं जाड जॅकेट घातल्यावर कपाटासारखा दिसतो.

नियाजभाईंना तिथे जायचंच होतं. आदल्या आठवड्यात मला म्हणाले, "आपा, बालेवाडीला गेलो तर घरात सांगता येईल की मी अजून काहीतरी करतो. बँडच्या मागून चालणं हे काही काम नाही." ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

सर्जेराव पहिल्या फेरीत पाचशे एकसष्ट मारून बाकावर बसले. दुसऱ्या फेरीत नियाजभाई. शेवटचं कार्ड लागलं तेव्हा त्यांचे पाचशे बावन्न झाले होते. नऊ मारले तर बरोबरी, आणि बरोबरीत ज्याचे आतले दहा, म्हणजे ठिपक्याच्या अगदी मधोमध बसलेले, जास्त तो पुढे. ते सर्जेरावांचे जास्त होते. म्हणजे दहाच हवा होता. वेळ अजून पाच मिनिटं होती.

आणि वर वरात आली.

झरोक्यातून ढोल उतरला, मागोमाग क्लॅरिनेट. मी जागची उठले, पण तिथून हलता येईना. कारण तो सूर मी ओळखला होता आणि नियाजभाईंनीही. शकील होता.

त्यांनी रायफल उचलली. श्वास सोडला, थांबले. वर सूर चढत होता. त्यांचं बोट ट्रिगरवर होतं आणि पायाचा अंगठा बुटात ठेका धरत असणार, याची मला खात्री होती. सम जवळ आली. मी डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर त्यांनी रायफल खाली घेतली होती. पुन्हा उचलली, पुन्हा तेच, पुन्हा खाली. बाकावर सर्जेरावांनी घड्याळ पाहिलं आणि ते फिरवून ठेवलं, नियाजभाईंना दिसू नये म्हणून.

तिसऱ्यांदा उचलताना ते जरा वेळ तसेच उभे राहिले, गाल रायफलीला टेकवून, झोपेत असल्यासारखे. खांदे खाली आले. श्वास गेला. वर क्लॅरिनेट चालू, ढोल चालू, कुणीतरी फटाके लावले. खाली ते एका दुसऱ्याच खोलीत उभे होते, जिचं दार आतून लावलेलं होतं. मला वेळेचं भान राहिलं नाही. टप् झालं तेव्हा मीच दचकले.

तेही दचकले. मी ते स्पष्ट पाहिलं.

"कुठे?" मी सवयीने विचारलं.

"कळलं नाही आपा," ते हळूच म्हणाले. "कधी सुटलं तेच कळलं नाही."

दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. मी उगाच कार्डाच्या तारेवर खेकसले.

कार्ड आलं. भोक ठिपक्यावरच, पण डावीकडे सरकलेलं. ठिपका उडून गेला होता. मी गेज घातला. निकाल प्रतिस्पर्ध्यानेच द्यावा म्हणून भिंग सर्जेरावांच्या हातात दिलं. त्यांनी वाकून पाहिलं, कार्ड उजेडात फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"आत हाय," ते म्हणाले. "रेष आत हाय मॅडम. दहा हाय." आणि जॅकेटची बटणं काढत नियाजभाईंना म्हणाले, "बालेवाडीला माझी रायफल न्या. त्या जुनीचं काय खरं नाय."

नियाजभाई खाली बसले होते. मी विचारलं, पहिल्या दोन वेळा खाली का घेतली?

"शकीलचा श्वास त्या जागी तुटतो," ते म्हणाले. "लहानपणापासून. तिथे आला की मीच माझा धरून ठेवतो, त्याला पुरा पडावा म्हणून. दोन्ही वेळा तेच झालं. मग म्हटलं, बाबा, तुझा तू घे."

तेवढ्यात जिन्यावर लाल कोट दिसला. शकील उतरून आला, घामाने डबडबलेला, क्लॅरिनेट काखेत. बापाचं काय झालं ते विचारायचं राहिलं. आधी स्वतःचंच घेऊन आला होता.

"अब्बा, शेवटच्या वेळीही त्या जागी श्वास तुटला. ऐकलंत ना?"

नियाजभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग कार्डावरच्या त्या छोट्या भोकाकडे.

"नाही बेटा," ते म्हणाले. "या वेळी नाही ऐकलं."