गेटवर आलेले सर

मल्लेश्वरममधल्या आमच्या सोसायटीत दुपारी अशी एक वेळ येते, की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. ऑटोंचे आवाज लांबून येतात, आवारातल्या करंजाची सावली सावकाश हलते. अशाच एका दुपारी मी अर्धवट झोपेत असताना इंटरकॉम वाजला. दिवसपाळीचा वॉचमन बोलत होता.

"अम्मा, एक सर आलेत. तुम्हाला भेटायचंय म्हणतात."

"कोण सर?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "आपलेच सर. पण तुमचं नाव वेगळंच सांगतात." आणि त्याने अडखळत जे नाव उच्चारलं, ते माझं लग्नाआधीचं होतं, माहेरच्या आडनावासकट. किती वर्षांत मला त्या नावाने कुणी विचारलं नव्हतं.

माझे यजमान उभी हयात सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. समोरच्या बागेतून परतताना कधीकधी ही इमारत त्यांना परकी वाटायची. मग परक्या ठिकाणी सभ्य माणूस जसा थांबतो, तसे ते गेटपाशी थांबत. "तुम्ही इथेच राहता," असं वॉचमनने पहिल्यांदा सांगून पाहिलं, तर ते रागावून उलटे रस्त्याकडे निघाले. तेव्हापासून तो त्यांना रीतसर पाहुणाच मानायचा. खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा, कुणाकडे जायचंय विचारायचा, मला फोन करायचा आणि दारापर्यंत आणून सोडायचा. दार उघडलं की तो अदबीने म्हणायचा, "अम्मा, तुमचे पाहुणे." मी म्हणायची, "या ना." त्या दुपारी खऱ्या होत्या की मला पडलेली स्वप्नं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढे सिक्युरिटी एजन्सीचा करार वाढवायची वेळ आली आणि प्रत्येक गार्डचं मूल्यमापन करायचं ठरलं. कमिटीत मीही होते. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बसलो: मी, माझ्या मुलीच्या वयाची सेक्रेटरी आणि एजन्सीचा फील्ड ऑफिसर. हजेरीत दिवसपाळीच्या या गार्डला पाचपैकी पाच मिळाले. रजा सांगून घ्यायचा, बदली माणूस आल्याशिवाय घरी जायचा नाही.

दक्षतेपाशी सेक्रेटरी थांबली. आदल्या आठवड्यात पाण्याचे फिल्टर विकणारा एक माणूस थेट वरच्या मजल्यावर पोचला होता. एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारात पाय अडकवून उभा राहिला, आजी घाबरून गेल्या. कॅमेऱ्यात पाहिलं, तर तेव्हा गेटवर कुणीच नव्हतं.

"पोस्ट सोडणं ही मोठी चूक आहे," फील्ड ऑफिसर म्हणाला. "याला दुसऱ्या साइटवर पाठवतो. तुम्हाला नवा माणूस देतो."

वॉचमनला आत बोलावलं. कुठे गेला होतास, असं विचारल्यावर तो टोपी हातात घेऊन म्हणाला, "आत गेलो होतो." बस, तेवढंच. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मला समजलं, तो यांची गोष्ट चारचौघांत काढणार नव्हता.

मग मीच सांगितलं. सगळं, त्या वेळी तो यांना दारापर्यंत सोडायला आला होता हेही. सांगताना माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता.

सेक्रेटरीचे डोळे भरून आले. "आंटी, मग दक्षतेचे मार्क नको कापू या."

"काप," मी म्हटलं. "गेट मोकळं होतं आणि त्या आजी घाबरल्या, हे खरंच आहे. पण सौजन्याचे आणि पाहुण्यांशी कसा वागतो याचे पूर्ण दे."

"मॅडम, पण सर तर रहिवासी आहेत," फील्ड ऑफिसर म्हणाला. "त्यांना पाहुण्यांत कसं धरायचं?"

"त्या वेळेला ते पाहुणेच असतात, सर," वॉचमन पहिल्यांदाच आपणहून बोलला.

शेवटी दक्षतेला दोन पडले, बाकी सगळीकडे पाच. बदलीचं बोलणं मागे पडलं. शेऱ्यात लिहिलं: पोस्ट सोडू नये, घरच्यांना खाली बोलवावं.

"सरी, अम्मा," वॉचमन कन्नडमध्ये 'बरं' म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

दोनच दिवसांनी इंटरकॉम वाजला आणि मी केस सारखे करून खाली गेले. हे करंजाखालच्या खुर्चीत बसले होते. वॉचमन त्याच्या जागेवर उभा राहून गेटमधून आलेल्या कुरिअरवाल्याला कुठल्या घरी जायचंय ते विचारत होता. मला पाहताच हे उठून उभे राहिले, शर्ट नीट केला.

"अगदी न कळवता आलो," ते म्हणाले. "तुम्हाला अडचण तर नाही ना?"

"मुळीच नाही. चहा घेऊन जा."

आम्ही लिफ्टपर्यंत हळूहळू चालत गेलो. पायरीपाशी त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. कधी चहा होईपर्यंत त्यांना घर ओळखू येतं, कधी नाही. त्या दिवशी नाही आलं. ते बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिले, आणि मी त्यांना अजून थोडं थांबायचा आग्रह करत राहिले.