बारा गावांचा क्रम

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात मी पाण्याचा वास घेत उभी होते. हातातल्या पेल्याला क्लोरीनचा वास येत होता, आणि तो येणं बरोबर नव्हतं. त्या घराला क्लोरीनचे थेंब दिलेच नव्हते.

तेव्हा मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागात क्षेत्र समन्वयक होते. बजाजनगरहून स्कूटीवर निघायचं, गावोगाव फिरायचं आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांना विचारायचं की गेल्या सात दिवसांत लेकराला जुलाब झाले का. तोटी असलेली झाकणाची टाकी आणि थेंबांची बाटली घरी दिली, गावच्या आशा सेविकांनी, म्हणजे आशाताईंनी, दर आठवड्याला येऊन ते वापरायला शिकवलं, तर मुलांचे जुलाब कमी होतात का, हे आम्हाला पाहायचं होतं. थेंबांनी जंतू मरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक घरात ते रोज टाकतील का आणि त्यानं खरंच फरक पडेल का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोठा अभ्यास करण्याआधी त्या एका गावात आम्ही चाचपणी करत होतो. घरांची यादी केली आणि कुणाला टाकी द्यायची, कुणाला नाही, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोडलं. औषधाच्या गोळ्यांचा अभ्यास असाच करतात, एका रुग्णाला ही गोळी, दुसऱ्याला ती.

पेला माझ्या हातात देणारी बाई तरुण होती, तिचा नवरा फर्निचरच्या कामाला औरंगपुऱ्यात जायचा. मी तिला भाभी म्हणायचे. मी विचारलं, भाभी, हे थेंब कुठून आले? तिनं भिंतीपलीकडं बोट दाखवलं. शेजारीण अर्धी बाटली देऊन गेली होती.

"दोघींची लेकरं एकाच अंगणात खेळतात ताई," ती म्हणाली. "तिच्याला चांगलं पाणी अन् माझ्याला नाय, असं कसं चालंल?"

मला आधी राग आला, तो शेजारणीवर. मग कुतूहल वाटलं. पुढचे तीन दिवस मी फक्त हेच पाहत फिरले. एका घरात थोरल्या जावेला टाकी मिळाली होती, धाकटीला नव्हती, आणि दोघी एकाच तोटीतून पाणी भरत होत्या. आशाताई तर यादीतल्या घरात शिकवायला बसली की गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन बसायच्या. तिनं कुणाला उठवायचं?

आमच्या संख्याशास्त्राच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले, याचं मला नवल वाटलं. निवृत्त झालेले, अगदी कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले की अशानं दोन्ही बाजूंची घरं सारखीच होत जाणार, आणि थेंबांचा उपयोग असला तरी आकड्यांत तो नाही असं दिसणार. शिवाय एका घरातले जुलाब थांबले तर शेजारच्या लेकरालाही लागण कमी होते. तो फायदाही आपल्या हिशोबातून निसटणार.

"मग चिठ्ठी घराची नको, गावाची काढू," ते म्हणाले. "अख्खं गाव एका बाजूला."

मी म्हटलं, मग सोपं आहे, दोन मोठी गावं घेऊ आणि प्रत्येकात भरपूर घरं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि विचारलं, एका गावात पाणी कुठून येतं? गावच्या एकाच मोठ्या टाकीतून, मी म्हटलं. मग त्या गावातली शंभर घरं म्हणजे शंभर वेगळी उत्तरं नव्हेत, ते म्हणाले, टाकी बिघडली की सगळीच सारखं उत्तर देतात. घरं वाढवून फार काही मिळत नाही, गावं वाढवायला हवीत. मी इतकी वर्षं घरं मोजत आले होते, पण हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

चाचपणीचं गाव सोडून आम्ही बारा गावं निवडली. सहांना द्यायचं, सहांना नाही, असं ठरलं. पण संमतीसाठी बैठका सुरू केल्या आणि पहिल्याच आठवड्यात अडलं. एका सरपंचांनी चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्या गावात येऊन फक्त लेकरांचे जुलाब मोजून जाणार असाल तर येऊ नका. त्यांच्या गावची आशाताई शेजारीच बसली होती, पन्नाशीची, फटकळ बाई. ती एवढंच म्हणाली, "उद्या बाया मला इचारतील, त्यान्ला काय सांगू?"

इकडं विभागप्रमुख मॅडमची वेगळीच अडचण होती. शिकवणारी माणसं एवढी थोडी की एका वेळी तीन गावांपेक्षा जास्त जमणारच नव्हती. या दोन अडचणींतूनच सरांनी वाट काढली. बाराही गावांना मिळेल, पण पायरीपायरीनं. पहिले दोन महिने सगळीकडं फक्त मोजायचं, मग दर दोन महिन्यांनी तीन गावं सुरू करायची. कुणाची पाळी आधी ते चिठ्ठी ठरवेल, आणि मोजणी मात्र बाराही गावांत शेवटपर्यंत दर महिन्याला. नीतिमत्ता समितीनं मान्यता दिली, सरपंचही राजी झाले. फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या सभागृहात सगळ्यांसमोर स्टीलच्या पातेल्यातून चिठ्ठ्या काढल्या. त्या फटकळ आशाताईचं गाव शेवटच्या तीन गावांत आलं. ती पिशवी उचलून निघून गेली.

मे महिन्यात पहिली तीन गावं सुरू झाली, जुलैत पुढची तीन. पावसाळा लागला आणि सुरू झालेल्या गावांतही जुलाब वाढले. मी घाबरून सरांकडं गेले. त्यांनी विचारलं, अजून पाळी न आलेल्या गावांत काय झालं? तिथं त्याहून जास्त वाढले होते. "म्हणून तर सगळीकडं मोजतोय," ते म्हणाले. "आधीचं अन् नंतरचं एवढंच पाहिलं असतं तर पावसाचा दोष थेंबांवर आला असता."

ऑगस्टमध्ये त्या आशाताईचा फोन आला. एका वस्तीवर एकदम सात लेकरं आजारी होती. आम्ही त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवलं. क्षारसंजीवनी पोचली, गावच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली गेली. हे नेहमीचे उपाय अभ्यासासाठी कुठल्याच गावात थांबवलेले नव्हते. पण ती म्हणाली, आमची पाळी आताच द्या. मलाही द्यावीशी वाटत होती. मी सरांना तसं विचारलं, खरं तर भांडलेच.

सर म्हणाले, "साथ शिगेला असताना दिलं तर ती आपोआपही ओसरणारच, आणि श्रेय थेंबांना जाईल. मग पुढच्या कुणालाही खरं सांगता येणार नाही."

आशाताईला हे सांगायचं काम माझं होतं. मी फोनवर न सांगता तिच्या घरी गेले. तिनं सगळं ऐकलं, मला भाकरी वाढली, पण पटलं असं म्हणाली नाही. लेकरं बरी झाली. नोव्हेंबरात तिच्या गावाची पाळी आली, आणि डिसेंबरअखेर मोजणी संपली.

उपयोग झाला होता, मॅडमना वाटलं होतं त्यापेक्षा कमी. निकाल सांगायला मी त्या आशाताईच्या गावातल्या शाळेत गेले. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. उपयोग कमी का दिसला, तेही शोधायचंय, असं मी म्हटलं, तेव्हा तीच उठून सांगू लागली. थंडीत पाण्याला जास्तच वास येतो म्हणून निम्म्या घरांनी थेंब टाकणं सोडलं होतं, आणि हे तिला महिनाभरापासून ठाऊक होतं.

"तुम्ही दर महिन्याला जुलाब इचारले," ती म्हणाली. "थेंब टाकता का, हे कुणीच इचारलं नाय."

मी वही काढली आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. कोणत्या घरांनी सोडले आणि कधीपासून, हे ती एकेक करून सांगत गेली.