तिसऱ्या घंटेनंतर दार बंद

आमच्या घरात सुनेनं भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते सौंसरला, संत्र्याच्या बागांचे धनी. मी पांढुर्ण्याला, शाळेत मास्तरीण. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण मला त्यांना काही सांगायचं तर मी जाऊबाईंना सांगायचं, आणि त्यांना मला काही सांगायचं तर त्यांनीही जाऊबाईंनाच. तिघं एकाच खोलीत बसलेले असलो तरी. "सांग तिले, चहात साखर जास्त झाली." मग जाऊबाई माझ्याकडं तोंड करून म्हणणार, "साखर जास्त झाली म्हणते." मी बहिरी नाही, पण रीत ती रीत. बाहेरच्याला हसू येतं. मला राग यायचा, अजूनही येतो.

त्यांची पोरगी, म्हणजे माझी पुतणी, कॉलेजसाठी माझ्याकडं राहायची. आमच्या गावच्या नाट्यमंडळात तिनं काम धरलं. दोन अंकी नाटक होतं, आणि तिची भूमिका पहिल्या अंकातच संपायची: आजारी बहीण, मध्यंतराच्या आधी मरते. दुसऱ्या अंकात तिची नुसती आठवण काढतात. प्रयोग एकच होणार होता, कारण पोरीला भोपाळला नोकरी लागली होती आणि ती त्याच आठवड्यात निघणार होती. जाऊबाई महिनाभर फोनवर एकच विचारत होत्या, "मले समोर जागा देशीन न व? तिचं तोंड दिसलं पाहिजे." पोरीला त्यांनी कधी स्टेजवर पाहिलेलंच नव्हतं. शाळेतल्या गॅदरिंगलाही भासऱ्यांनी कधी जाऊ दिलं नाही.

मंडळात दारावरचं काम माझ्याकडं. ते मी मागून घेतलं होतं, कारण आदल्या वर्षीच्या प्रयोगाचा माझ्या डोक्यात अजून जाळ होता. लोक अर्ध्या अंकापर्यंत येत राहिले. मोबाईलचे दिवे पाडत, "सरका बाप्पा, सरका," करत. आमच्या सभागृहाला प्रेक्षकांसाठी एकच दार, तेही बाजूला, रंगमंचाला लागून. ते उघडलं की व्हरांड्यातला ट्यूबलाइट सरळ नटांच्या तोंडावर. एक नट बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, या, बसून घ्या, मग मरतो मी. लोक हसले. मला लाज वाटली.

म्हणून या वेळी मी तिकिटावरच छापून घेतलं. प्रयोग सातला. पावणेसातपर्यंत दारावर येऊन तिकीट फाडून घ्यावं. त्यानंतर तुमची ठरलेली खुर्ची बाहेर थांबलेल्या माणसाला दिली जाईल. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद. उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरात मागच्या रांगेत बसवू. ती मागची रांग मी विकलीच नाही, राखून ठेवली, म्हणजे तिकीट काढलेल्या कोणालाही परत जावं लागू नये. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं सात म्हणजे आठ राहते." मी म्हटलं, या वर्षी सात म्हणजे सात राहीन. ते हसले, पण सही केली.

राहिला नारळ. आमच्याकडं कुठलाही कार्यक्रम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही, आणि हा नारळ भासऱ्यांच्या हातचा असतो. पंचक्रोशीत त्यांना सगळे भाऊ म्हणतात; भाऊ आले नाहीत तर लोक तासभर खुर्च्यांवर बसून राहतात, भजी खातात, माइकवर हॅलो हॅलो चालतं. मी जाऊबाईंना फोन करून नीट सांगितलं, नारळ साडेसहाला रंगपटात फुटेल, नटांसमोर. त्यांनी तो निरोप भासऱ्यांना दिला. पलीकडून भासऱ्यांचा आवाज मला फोनमध्येच ऐकू आला. "सांग तिले, मी गेल्याबिगर नारळ फुटत नाही." आणि जाऊबाई मला म्हणाल्या, "म्हणते का त्याईच्याबिगर फुटत नाही."

साडेसहा झाले. भाऊंचा पत्ता नाही. नारळ फोडला नटांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, आणि एकाच फटक्यात फुटला. पावणेसातला पहिल्या रांगेतल्या त्यांच्या दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या. दाराबाहेर तिकीट न मिळालेली माणसं उभी होती, त्यांतल्या दोघी मास्तरणी मी तिथं बसवल्या. हात थोडा अडखळला माझा, खोटं कशाला बोलू. पण मनात म्हटलं, घरच्यांसाठी नियम मोडला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं थांबवणार? पहिली घंटा, दुसरी, तिसरी. मी कडी लावली आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले.

गाडी आली तेव्हा पहिला अंक बराच पुढं गेला होता. वरातीमागून घोडं. भासरे उतरले, पांढरा शुभ्र झब्बा, मागं दोन-तीन चेले. जाऊबाई सगळ्यात शेवटी उतरल्या, नवीन लुगडं, केसांत गजरा, हातात पर्स घट्ट धरलेली. त्या पाच वाजल्यापासून तयार होऊन बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. भासरे म्हणत होते, सात म्हणजे आठ, घाई कायची, आणि कापसाच्या व्यापाऱ्याशी गप्पा मारत बसले होते.

पोरगी कशी करून राहिली, हे त्यांनी विचारलं नाही. पहिलं वाक्य होतं, "नारळ कोणं फोडला?"

विचारलं जाऊबाईंकडं पाहून. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जाऊबाईंना सांगितलं, "वेळेवर आलेल्या माणसानं."

"सांग तिले, दार उघड म्हणा."

"सांगा त्यांना, मध्यंतरात उघडतं. तिकिटावर लिहिलं आहे."

"सांग तिले, तिकीट मले नको शिकवू. हे सभागृह कोणाच्या वर्गणीतून रंगवलं, ते सांग तिले."

"सांगा त्यांना, रंगवलं म्हणून दार त्यांचं होत नाही."

जाऊबाई मध्ये उभ्या. एकदा इकडं, एकदा तिकडं. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत त्या सांगत होत्या, मग नुसती मान फिरत होती. आतून पोरीचा आवाज आला. दारातून शब्द कळत नव्हते, पण आवाज तिचाच. जाऊबाई आमच्यातून निघाल्या आणि दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

भासऱ्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष मागच्या बाजूनं धावत आले, कपाळावर घाम. "मॅडम, भाऊ आहेत, जरा सोडा न." मी म्हटलं, तुमची सही आहे खाली. ते म्हणाले, भाऊंचं वेगळं. मी म्हटलं, उघडा मग तुम्हीच, आणि आत पोरगी मरून राहिली आहे, तिच्या तोंडावर ट्यूबलाइट पाडा. अध्यक्षांनी कडीला हात लावला नाही. भासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण मोठा आवाज करायचा तर आतले लोक ऐकणार, म्हणून ते दात आवळून बोलत होते. मला त्याची मजा वाटत होती. हो, वाटत होती.

मग आत तबल्याचा तुकडा वाजला. पहिल्या अंकात दृश्य बदलतं तिथं रंगमंचावर पूर्ण अंधार होतो, थोडाच वेळ. दिग्दर्शकानं बजावलं होतं की अंधारातही कोणाला सोडायचं नाही, कारण नट त्याच बाजूनं चाचपडत आत-बाहेर करतात. पण व्हरांड्यातला दिवा बंद केला असता तर एक बाई हळूच सरकू शकली असती. मी उठले. दिव्याचं बटण माझ्या डाव्या हाताशी होतं. उजवा हात कडीवर गेला. तेवढ्यात भासऱ्यांचा पाय पुढं आला आणि त्यांच्या मागं चेल्यांचा. मी हात कडीवर तसाच दाबून धरला. तबला थांबला. आत उजेड झाला असणार, कारण पोरीचा आवाज परत सुरू झाला, आता खूप बारीक. थोड्या वेळानं तोही थांबला, आणि आत कोणीतरी नाक ओढलं.

मध्यंतर झालं. आतले दिवे लागले, मी दार पूर्ण उघडलं. आधी बाहेर येणाऱ्यांना येऊ दिलं, डोळे पुसत येणाऱ्या बायका, चहाकडं पळणारी माणसं. मग उशिरा आलेल्यांना मागच्या रांगेकडं नेलं. भासरे पहिल्या रांगेपाशी जाऊन थांबले. तिथं एका मास्तरणीची पर्स ठेवलेली होती. त्यांनी ती पाहिली आणि परत व्हरांड्यात आले.

"सांग तिले, मागच्या रांगेत बसायची सवय नाही आमची. चल घरी."

जाऊबाईंनी मला विचारलं, "दुसऱ्या अंकात येते का ती?"

"नाही. शेवटी सगळे नट नमस्काराला येतात, तेव्हा येईल."

"मग बसतो मी," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडं न पाहता. भासरे म्हणाले, सांग तिले, की हे सगळं तिच्यामुळं. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तिथंच तर उभी आहे ते." आणि आत निघून गेल्या. भासरे गाडीत जाऊन बसले. मला काहीच सांगितलं नाही त्यांनी.

दुसरा अंक जाऊबाईंनी मागच्या रांगेत, पर्स मांडीवर धरून पाहिला. ज्या पोरीसाठी स्टेजवरचे सगळे रडत होते, ती पोरगी त्यांची, आणि तिला मरताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेवटी नट ओळीनं आले. पुतणी कडेला होती, तोंडावर अजून आजाराचा पिवळा रंग. तिची नजर पहिल्या रांगेत गेली, मास्तरणींवर, आणि तिथंच राहिली. जाऊबाई मागं उठून उभ्या राहिल्या, हात वर केला. पुढं उभ्या माणसांत तो दिसला नाही. पडदा पडला.

लोक बाहेर पडत होते. मी दाराशीच होते. नियम पहिल्यांदा पूर्ण पाळला गेला होता, अध्यक्षसुद्धा म्हणाले, मॅडम, अंक एकदाही तुटला नाही. माझी छाती फुगली होती. जाऊबाई आल्या तसं मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "पाहिली न शेवटी पोरीले?"

त्यांनी हात सोडवून घेतला.

"नमस्कार पाहिला," त्या म्हणाल्या. "ते तबला वाजला तेव्हा तुझा हात कडीवर होता. मी पाहून राहिलो होतो."

"ते घुसले असते न मागून, चेल्यांसकट."

"घुसले असते. त्याईनं तुले मोठेपणा दाखवाले उशीर केला, तू त्याईले खाली पाहाले लावायसाठी दार धरलं. मी कोणाच्याच मधात नव्हतो व, मी पोरगी पाहाले आलो होतो."

मी म्हटलं, नियम सगळ्यांसाठी होता. ते खरंच होतं, आजही आहे. त्यांनी ऐकून घेतलं, गजरा काढून पर्समध्ये ठेवला.

"आता रंगपटात जातो. पोरगी पयलेच विचारीन, आई, मी मेली तेव्हा तुले रडू आलं का म्हून. परवा भोपाळले चालली ते. काय सांगू तिले? तू मास्तरीण आहेस, सांग."

त्या माझ्या तोंडाकडं पाहत थांबल्या, मग एकट्याच मागच्या दारानं रंगपटाकडं गेल्या.