एका दाबात

उस्मानपुऱ्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. छत पत्र्याचं. डिसेंबरातही दुपारी दोननंतर तिथं बसवत नाही. साठीला आलो, पाठ बोलते, डोळ्यांवरचा चष्मा सोल्डरिंगच्या धुरानं पिवळा पडलाय. कुणी विचारलं कसं चाललंय, तर मी नुसता हात हलवतो. उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

अशाच एका दुपारी खुलताबादहून एक बाई आली. पन्नाशीची, शेतात राबणारी. बत्तीस इंची टीव्ही गोधडीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून आणला होता. म्हणाली, "भाऊ, बटन दाबलं की नुसतं टिक टिक करतंय. लई उशिरानं चित्र येतंय. कधी येतंय, कधी नाय."

"किती उशिरानं?"

"चहा उकळून होतो तवर."

माझ्या धंद्यात हे दुखणं सर्दीपडशासारखं. टीव्हीच्या आत वीज पुरवणारा एक बोर्ड असतो. त्यावरचे कपॅसिटर, म्हणजे बोटाच्या पेरासारखी ती नळकांडी, काही वर्षांनी आतून सुकतात. मग सुरुवातीचा भार त्यांना पेलत नाही. व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. त्या प्रत्येक प्रयत्नाला रिले, म्हणजे बोर्डावरचा छोटा स्विच, वाजतो, ती टिक टिक. असं करता करता कपॅसिटर जरा तापले की चालायला लागतात आणि चित्र येतं.

मागचं झाकण काढलं. एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं होतं. बाकीचे चार सपाट, अगदी शहाण्यासारखे उभे. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय, पण त्या दिवशी मी शीत टाकून दिलं आणि भात तसाच ठेवला. फुगलेला तेवढा बदलला. बटण दाबलं, चित्र लगेच आलं. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा आलं.

खरं तर असा टीव्ही रात्रभर बंद ठेवून सकाळी, गार असताना लावून बघायचा असतो. हे मी इतरांना शिकवत आलोय. पण बाई म्हणाली, "मालक घरी एकलेच हायत. उजवी बाजू लकव्यानं गेलीय. मी रानात गेले की दिवसभर त्यांना ह्याचाच आधार." बस गाठायची होती तिला. आणि मला, खोटं कशाला बोलू, घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मी टीव्ही गोधडीत बांधून दिला.

आठवड्यानं तिचा फोन आला. पुन्हा तेच. मी तिच्यावरच उखडलो. "रिमोट दाबून धरत असतील. एकदाच दाबायचं म्हणावं, आणि थांबायचं." फोन ठेवल्यावर मलाच माझा राग आला. खुलताबाद डोंगरावर आहे, सकाळी बोटं आखडतात तिथं. माझ्या पत्र्याखाली तापलेले कपॅसिटर काय लगेच चालणारच. मी टीव्ही तपासला नव्हता, माझ्या दुकानातली ऊब तपासली होती.

पुन्हा घेऊन या, असं सांगायला तोंड नव्हतं. मी तिला परत फोन केला. "ताई, उद्या रात्री झोपताना पिन भिंतीतून काढून ठेवा. परवा सकाळी मी येतो." आणि पहिल्या बसनं निघालो, पिशवीत मीटर, सोल्डरिंग गन आणि नवे कपॅसिटर घेऊन, स्वतःला शिव्या घालत.

घर साधं, दोन खोल्यांचं. तिचा नवरा खाटेवर टेकून बसलेला, डावा हात चादरीवर. बाईनं मला भाऊ म्हटलं होतं, म्हणून मी म्हणालो, "काय दाजी, टीव्ही छळतोय म्हणे?" ते हसले नाहीत. बाई चहा ठेवून गोठ्याकडे गेली.

मी पिन लावली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. "लावा."

"तुमीच लावा," म्हणाले.

मी दाबलं. टिक. थांबून टिक. पुन्हा टिक. सात वेळा वाजल्यावर चित्र आलं. बंद करून लगेच लावला, तर पटकन आला. माझ्या दुकानात हेच झालं होतं. झाकण काढून सपाट दिसणारे चारही कपॅसिटर सोडवून मीटरला लावले. चारही सुकलेले. वरून काही कळत नव्हतं.

"दाजी, तुम्ही बटण कसं दाबता?"

ते अडखळत, एकेक शब्द जोडत म्हणाले, "एकदा दाबतो. कायच येत नाय. मंग परत दाबतो. परत दाबतो." रिमोट त्यांनी बाजूला सारला. "तुमी दुरुस्त करून धाडला म्हणल्यावर टीव्हीत काय खोट असंल? मला वाटलं, ह्यो बी हात चालला."

"ताईंना सांगितलं?"

"नाय. तिला काय सांगायचं? तिनं आधीच लई काढलंय." आणि मग, "पाच-सा दिस झालं, रिमोट धरतच नाय मी. जेवण बी तीच भरवती."

माझ्या हातातली सोल्डरिंग गन तशीच तापत राहिली. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसती लाज वाटली. माझ्या एका आळसानं या माणसानं आपला उरलेला हात मोडीत काढला होता.

मी त्यांच्या जवळ जाऊन बसलो. जुने कपॅसिटर त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. "दाजी, हे बघा. हे सुकलेत. पहिल्यांदाच मी हे बदलायला हवे होते, नाही बदलले. टीव्ही धडपडत असताना तुम्ही पुन्हा दाबलं की तो बंद व्हायचा हुकूम समजतो आणि सगळं पहिल्यापासून. तुमचा हात बरोबर दाबत होता. चूक माझी आहे."

त्यांनी बोटं मिटली, उघडली. "व्हय?" एवढंच म्हणाले. विश्वास बसलेला दिसला नाही. माझ्यावर त्यांनी का म्हणून विश्वास ठेवावा?

चारही नवे बसवले. पण नुकतं सोल्डर केलेलं गरम असतं, त्यावर मी आता भाळणार नव्हतो. म्हणालो, "आज लावून उपयोग नाही. रात्रभर पिन काढून ठेवा. उद्या पहाटेच्या गारव्यात पिन ताई लावतील, बटण मात्र तुम्हीच दाबायचं. दुसऱ्या कुणी नाही." बाईला दारात सगळं सांगितलं, हाताचंही. तिनं पदर तोंडाला लावला आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा फोन वाजला. मी अंथरुणातच होतो. पलीकडे दाजी, फोन स्पीकरवर.

"मिस्त्री, ऐका."

एकच टिक वाजली आणि लगेच बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज आला.

"आलं," मी म्हणालो. "झालं मग काम."

"थांबा." आवाज बंद झाला. पुन्हा टिक, पुन्हा बातम्या. पुन्हा बंद. असा चालू-बंद खेळ करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एरवी झापल्याशिवाय सोडत नाही. मागून बाईचा आवाज आला, "अवं, बघा की आता. बंद कशाला करताव?"

"बघायचं नाय मला," दाजी म्हणाले. "दाबायचंय."